साखरबाईच्या गिरणीचं मीटर

मी बारामतीत एका खासगी वीज कंपनीत बिलं लिहायला होतो. कंपनीचं नाव घेत नाही, नाव घ्यावं इतकी तिची लायकी नव्हती. डिझेलवर चालणारी दोन इंजिनं, कौलारू ऑफिस, त्यात एक लोखंडी कपाट, आणि त्या कपाटाची किल्ली जानव्याला बांधून फिरणारे आजगावकर साहेब. साहेब स्वतःला इंजिनियर म्हणवत. फ्यूज उडाला की ते लाइनमनला हाक मारत आणि लाइनमन येईपर्यंत खिडकीतून आभाळाकडं बघत. पगार मुंबईहून येई, त्यामुळं बारामतीचं कुणी माणूस आपल्या पगाराला जबाबदार आहे असं त्यांना कधी वाटलं नाही.

त्या ऑफिसात साखरबाईचं काय झालं ते मी सांगणार आहे. माझंही त्यात काय झालं ते सांगावं लागेल. ते न सांगता सुटलो असतो तर बरं झालं असतं.

साखरबाई कऱ्हाटीची लेक. बारामतीत सावळाराम गिरणीवाल्याला दिलेली. सावळाराम माणूस सरळ, पण खाकी टोपी दिसली तरी उठून उभा राहणारा. पूर्वी गिरणी तेलाच्या इंजिनवर चालायची. धूर, टकटक आणि रोजची कटकट. गावात वीज आली तेव्हा साखरबाईनंच साडेसात हॉर्सपॉवरची मोटार बसवायला लावली. कंपनीत पहिल्यांदा अनामत भरायला तीच आली होती. दोनशे पंचवीस रुपये, म्हणजे तीन महिन्यांच्या बिलाइतके. पावती तिनं लुगड्याच्या पदरात नाही, पत्र्याच्या डब्यात ठेवली, आणि डब्याला कुलूप लावलं. तिला लिहिता येत नव्हतं. सही करायला मात्र ती शिकली होती, आणि आकडे तिला पुरुषांपेक्षा जास्त कळत.

दर महिन्याला त्या गिरणीला चारशेच्या आसपास युनिटं पडत. तीन आणे युनिट. पंचाहत्तर रुपये बिल. वर्षभर त्यात फारसा फरक पडला नाही.

त्रेपन्नच्या नोव्हेंबरअखेर त्या गिरणीच्या मीटरची काच फुटली. जात्याला टाकी लावताना छिन्नी निसटली होती. कंपनीनं भरपाई घेतली आणि दुसरं मीटर बसवलं. दुसरं म्हणजे नवं नव्हे. कोठीत धूळ खात पडलेल्या तिघांतलं एक, कुठल्या तरी बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगमधून उतरवलेलं. मीटर बसवण्याआधी तपासून सील करायचं असतं. आमच्याकडं तपासायचं प्रमाण मीटर होतं, पण ते तपासणीला पुण्याला गेलेलं. आजगावकर म्हणाले, "फिरतेय ना तबकडी? मग बसवा." लाइनमननं बसवलं आणि शिशाचं सील दाबलं. मी रजिस्टरात मीटरचा नंबर लिहिला. तपासणीचा रकाना कोरा ठेवला.

डिसेंबरचं बिल सहाशे युनिटांचं निघालं. एकशे साडेबारा रुपये. मी ते लिहिलं, माझ्या हातानं. दीडपट झालंय हे मला दिसलं नाही असं नाही. दिसलं, आणि मी पुढच्या ग्राहकाचं पान उलटलं.

सावळारामानं जानेवारीत बिल भरलं, फेब्रुवारीत भरलं, मार्चमध्ये भरलं. एप्रिलमध्ये कंपनीनं त्याला वेगळंच पत्र धाडलं. तुमचा वापर वाढला आहे, सबब अनामत अपुरी पडते, आणखी एकशे बारा रुपये आठ आणे सात दिवसांत भरा, नाहीतर पुरवठा तोडण्यात येईल. ते पत्रही मीच टाइप केलं. सावळारामानं पत्र शेजाऱ्याकडून वाचून घेतलं आणि त्याच दिवशी पैसे आणले.

"भरून मोकळं झालेलं बरं," तो मला म्हणाला. "सायबाशी वाकडं कशाला?"

साखरबाईला हे दुसऱ्या दिवशी कळलं. ती पावती घेऊन खिडकीशी आली.

"रामहरीराव, ह्ये जादाचं कशापायी घेतलं?"

मी म्हणालो, "तुमची मोटार जास्त वीज खाते आता."

"जास्त खाती? मग पीठ कुठं हाय?"

मी बिलांचा गठ्ठा सारखा केला. ती म्हणाली, "दळणाचा हिशेब मी ठेवती. गेल्या साली ह्याच महिन्यात जेवढ्या पायल्या दळल्या तेवढ्याच औंदा दळल्या. उलट मधी पट्टा तुटला म्हणून दोन दिस गिरणी बंद होती. मोटार रिकामी फिरून खाती व्हय?"

मी तिला साहेबांकडं पाठवलं. माझी ती सवयच होती, अडचणीचं माणूस दिसलं की साहेबांच्या टेबलाकडं बोट दाखवायचं.

आजगावकर पान लावत होते. त्यांनी तिला बसायला सांगितलं नाही. म्हणाले, "बाई, मीटर खोटं बोलत नाही. माणसं बोलतात."

"मग मीटर तपासा."

"तपासलेलंच असतं ते. तुम्हाला त्यातलं काय कळतं? तुमच्या घरधन्याला पाठवा."

"घरधनी भिऊन पैसे भरून गेला. मी न्हाय भरले, म्हणून मी आलीय."

साहेब हसले. मीही हसलो, साहेब हसले म्हणून. साखरबाईनं आधी त्यांच्याकडं पाहिलं आणि मग माझ्याकडं. माझ्याकडं तिनं जरा जास्त वेळ पाहिलं. ताट घासताना तळाशी चिकटलेलं काही दिसावं तसं. मग ती गेली.

साखरबाईचा भाऊ दत्तोबा इंदापूर तालुक्यातल्या एका साखर कारखान्यात वायरमन होता. मोठ्या मोटारी, मोठी मीटरं, तपासणीला येणारे सरकारी लोक, हे सगळं त्यानं पाहिलेलं. जुलैत तो सुट्टी काढून एस.टी.नं आला. येताना त्यानं निमगाव केतकीच्या मांडववाल्याकडून लग्नाच्या रोषणाईचे दोनशे वॅटचे पंधरा दिवे भाड्यानं आणले. दिव्यांचं खोकं मांडीवर घेऊन तो सारा रस्ता बसला होता.

गिरणीची मोटार त्यानं सोडवली. तिन्ही वायरींवर पाच-पाच दिवे जोडले. पंधरा दोनशे म्हणजे तीन हजार वॅट, तासाला तीन युनिटं, हे त्यानं बहिणीला आधीच सांगून ठेवलं. दिवे भर दुपारी लागले आणि गिरणीत पांढरं लख्ख झालं. दळण घेऊन आलेल्या बायका दारात खोळंबल्या. तासाभरानं दत्तोबानं मीटरचा आकडा वाचला. साडेचार युनिटं.

"पुन्यांदा कर," साखरबाई म्हणाली.

पुन्हा तासभर. पुन्हा साडेचार.

"आक्का, ह्याच्यातलं लोहचुंबक मेलेलं हाय," दत्तोबा म्हणाला. "त्येच तबकडीला आवरून धरतं. ते कमजोर झालं की तबकडी पळत सुटती. तीन युनिटाला साडेचार दावतंय."

"मग त्यांनी ह्ये आपल्यालाच का बसवलं?"

"त्यांना कुठं ठावं? त्यांनी बघितलंच नसंल."

साखरबाईला ते जास्त झोंबलं, असं तिनं पुढं कधीतरी सांगितलं. जाणूनबुजून फसवलं असतं तर निदान त्यांनी आपल्याकडं लक्ष तरी दिलं असं झालं असतं.

दत्तोबाला कायदाही थोडा माहीत होता. मीटर बरोबर की चूक असा वाद पडला तर निकाल कंपनी देत नाही, सरकारचा इलेक्ट्रिक इन्स्पेक्टर देतो. त्याच्याकडं अर्ज करण्याआधी कंपनीला सात दिवसांची नोटीस द्यायची. आणि निकाल लागेपर्यंत कंपनीला ते मीटर काढता येत नाही. एका वकिलाच्या कारकुनाकडून त्यानं नोटीस लिहून घेतली. साखरबाईनं ती स्वतः आणून माझ्या खिडकीत ठेवली, आणि दुसऱ्या प्रतीवर पोचल्याची सही मागितली.

मी सही केली. ही मी त्या सबंध प्रकरणात केलेली एकुलती एक बरी गोष्ट. तीही नोटीस काय आहे ते नीट न वाचता.

आजगावकरांनी ती वाचली तेव्हा त्यांच्या तोंडातलं पान थांबलं. मग त्यांनी लाइनमनला बोलावून सांगितलं, "जा, ते मीटर काढून आण. दुसरं लाव. वादच मिटला."

लाइनमन शिडी घेऊन गिरणीवर गेला. सावळाराम नेहमीप्रमाणं उठून उभा राहिला. साखरबाईनं मीटरच्या पाटीखाली दळणाचं पोतं ओढलं आणि त्यावर बसली.

"सायबाला सांग, ह्या मीटरवर भांडण पडलंय. भांडण सुटल्याबिगर त्येला हात लावायचा न्हाय, असा कायदा हाय. ठावं नसंल तर वाचून घ्या म्हणावं. वाचाया येत असंलच त्यांला."

लाइनमननं हे शब्द जसेच्या तसे ऑफिसात येऊन सांगितले. मला वाटतं, त्याला ते सांगताना मजा आली. साहेब लाल झाले. त्यांनी मला पत्र टाइप करायला लावलं. मोटारीच्या दरानं मिळणाऱ्या जोडणीवर आपण बेकायदेशीरपणे दिवे लावले, दिव्याचा दर वेगळा आहे, सबब आपला पुरवठा का तोडू नये. दोन तास दिवे लागलेले होते आणि तेही कंपनीचीच चूक शोधायला. टाइप करताना मला लाज वाटली का? थोडी. अक्षरं मात्र सुबक आली.

त्याच दुपारी साहेबांनी मीटरचं रजिस्टर काढलं, माझ्यापुढं ठेवलं आणि कोऱ्या रकान्यावर बोट ठेवलं.

"इथं लिहा, बसवण्याआधी तपासले, योग्य आढळले."

मी म्हणालो, "साहेब, तेव्हा प्रमाण मीटर पुण्याला होतं."

"ते तुम्हाला आणि मला माहीत आहे. कायम व्हायचंय ना तुम्हाला?"

मला कायम व्हायचं होतं. मी लिहिलं. नोव्हेंबरच्या शाईशी जुळावी म्हणून टाक थोडा पाण्यात बुडवून घेतला. माणूस इतका खालच्या दर्जाचा असू शकतो हे मला त्या दिवसापर्यंत इतरांबद्दल माहीत होतं.

सात दिवस भरल्यावर साखरबाईचा अर्ज रजिस्टर टपालानं पुण्याला गेला. जुलैचं बिल तिनं अडवून ठेवलं. पुरवठा तोडायची धमकी तिनं टपालाची पावती दाखवून परतवली, कारण वाद इन्स्पेक्टरपुढं असताना त्या बिलासाठी लाइन तोडता येत नाही. आजगावकर त्या पावतीकडं बघत बसले.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात इन्स्पेक्टर आला. बारकासा, चष्मेवाला माणूस, हातात लाकडी पेटी. पेटीत त्याचं स्वतःचं मीटर. कुणाकडं जेवायला न जाता तो थेट गिरणीवर गेला. आजगावकरांनी त्याच्यासाठी घरी श्रीखंड करवलं होतं. ते त्यांना स्वतःलाच खावं लागलं, आणि त्यांनी ते खाल्लं.

गिरणीवर कंपनीतर्फे साहेब आणि मी, घरच्या बाजूनं सावळाराम आणि साखरबाई. दत्तोबाला सुट्टी मिळाली नव्हती. इन्स्पेक्टरनं दोन्ही मीटरं एका ओळीत जोडली, दळण टाकायला सांगितलं आणि मोटार चालू केली. त्याचं मीटर आणि आमचं मीटर, दोन तबकड्या शेजारी शेजारी. पाचएक मिनिटांत कुणालाही दिसेल इतका फरक पडला. आमची तबकडी एखाद्या उधळलेल्या खोंडासारखी पळत होती.

"शेकडा पन्नास जलद," इन्स्पेक्टर म्हणाला आणि त्यानं लिहून घेतलं. मग मला विचारलं, "हे बसवण्याआधी तपासलं होतं?"

आजगावकर म्हणाले, "तपासलं होतं. रजिस्टर दाखवा, रामहरी."

मी रजिस्टर उघडलं. इन्स्पेक्टरनं रकाना वाचला. चष्मा कपाळावर घेतला, पान उजेडाकडं धरलं.

"कशानं तपासलं?"

"आमच्याकडच्या प्रमाण मीटरनं," साहेब म्हणाले.

"ते मीटर ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत पुण्याला होतं. माझ्याच खात्याच्या तपासणीत होतं. तुमचं विनंतीपत्र माझ्या फाइलीत आहे."

जात्याखाली पीठ पडत होतं. मग इन्स्पेक्टरनं माझ्याकडं पाहून विचारलं, "अक्षर कुणाचं?"

"माझं."

"कधी लिहिलं?"

"गेल्या महिन्यात."

हे खरं बोलणं होतं असं काही मला वाटत नाही. सगळं उघडं पडल्यावर जे निघतं ते खरं बोलणं नव्हे. साखरबाईनं पदरानं तोंडावरचं पीठ पुसलं आणि म्हणाली, "रामहरीराव, शाई तरी त्याच महिन्याची वापरायची." ती चिडून बोलली नाही. ती चिडली असती तर मला बरं वाटलं असतं.

दिव्यांच्या पत्राचा विषयही साहेबांनी धीर करून काढला. इन्स्पेक्टरनं विचारलं, "किती तास लावले दिवे?" साखरबाई म्हणाली, "दोन." "मग दोन तासांच्या सहा युनिटांना दराचा फरक काय पडतो तो काढा आणि लावा बिलात, हिंमत असेल तर." फरक काढायची हिंमत साहेबांनी केली नाही.

निकाल पंधरा दिवसांनी लेखी आला. मीटर सदोष, दाखवलेल्या युनिटांतून एक तृतीयांश वजा करायचे. सावळारामाला वाटलं होतं निम्मे. साखरबाईनं त्याला समजावलं, "तीनाचे साडेचार दावले. साडेचारातलं दीड काढलं की तीन. दीड म्हंजी साडेचाराचा तिसरा हिस्सा." पण निकालात आणखी एक ओळ होती. कायद्यानं इन्स्पेक्टरला मागच्या सहा महिन्यांचाच वापर ठरवता येतो. म्हणजे फेब्रुवारी ते जुलै. डिसेंबर आणि जानेवारीचे पंचाहत्तर रुपये गेले.

"चूक आठ महिने केली," साखरबाई म्हणाली, "आन् कायद्याला सहाच महिने दिसतात?"

मी सुधारलेली बिलं लिहायला बसलो. फेब्रुवारी ते जून पाच महिन्यांचे भरलेले जादा प्रत्येकी साडेसदतीस, मिळून एकशे सत्त्याऐंशी रुपये आठ आणे परत. जुलैचं बिल एकशे साडेबाराऐवजी पंचाहत्तर, ऑगस्टचं त्याच हिशेबानं. नवीन मीटर इन्स्पेक्टरच्या सीलचं. हे सगळं साहेबांना करावं लागलं. अनामतीचं मात्र त्यांनी वेगळं ठेवलं.

"इन्स्पेक्टरच्या निकालात अनामतीबद्दल शब्द नाही," ते म्हणाले. "अनामत मुंबई ऑफिसचा विषय आहे. राहू दे, बाईचेच पैसे आहेत. पुढं कधी तरी कामी येतील."

साखरबाई खिडकीशी उभी होती. तिनं डब्यातून दोन्ही पावत्या काढल्या, जुनी दोनशे पंचवीसची आणि एप्रिलमधली एकशे साडेबाराची. दुसरी माझ्यापुढं सरकवली, सोबत साहेबांचं एप्रिलचं पत्र.

"ह्यात काय लिवलंय ते मोठ्यानं वाचा."

मी वाचलं. तुमचा वापर वाढला आहे, सबब अनामत अपुरी पडते.

"वापर वाढला न्हाय, हे सरकारनं लिवून दिलं. मग सबब कुठं राहिली?"

खिडकीबाहेर तेव्हा सात-आठ लोक बिल भरायला उभे होते. साहेब म्हणाले, "बरं, बरं. पुढच्या बिलांत वळते करू."

"वळतं न्हाय. रोख नेलं, रोख द्या. आमच्या घरधन्याला त्येचे पैसे हातात बघू द्या. त्याला लई कौतुक हाय तुमचं."

मुंबईची परवानगी यायला दीड महिना लागला. त्या दीड महिन्यात साखरबाई दर सोमवारी आली, काहीही न बोलता खिडकीशी उभी राहिली, आणि ऑफिस बंद होताना घरी गेली. तिच्यामागं उभे राहणारे लोक आपापली बिलं जास्त निरखून वाचू लागले. दोघांनी आपली मीटरं तपासायची मागणी केली. साहेबांनी मुंबईला तार केली, तेव्हा परवानगी आली.

पैसे मी मोजून दिले. तिनं पावतीच्या मागं सही केली, एक एक अक्षर दाबून, खालच्या कागदावर उमटेल अशी. मग म्हणाली, "रामहरीराव, तुमी वाईट न्हाय. तुमी कायबी न्हाय." आणि पैसे सावळारामाच्या हातात दिले.

सावळारामानं ते घेताना साहेबांच्या खोलीकडं पाहून नमस्कार केला. साखरबाईनं त्याला दंडाला धरून बाहेर नेलं.

मला कायम केलं नाही. खोटी नोंद केल्याबद्दल मुंबईहून समज आली, ती माझ्याच नावानं. आजगावकरांच्या नावानं काही आलं नाही. पुढच्या वर्षी ते दुसऱ्या गावी मोठ्या पगारावर गेले. निरोपाला हार मीच आणला.

मी त्यानंतरही बरेच महिने त्या खिडकीत होतो. साखरबाई दर महिन्याला बिल भरायला स्वतः येई. पैसे देई, पावती घेई, घडी करी, आणि मग रांगेत ऐकू जाईल अशा आवाजात विचारी, "त्या दोन महिन्यांचं काय झालं?" मी म्हणे, कायद्यात बसत नाही. ती म्हणे, "बरं." पुढच्या महिन्यात पुन्हा विचारी. मी नोकरी सोडली त्या महिन्यातही तिनं विचारलं, आणि माझ्या जागी बसलेल्या नव्या माणसाला मी जाता जाता तो प्रश्न समजावून सांगितला.